बावधनचा फ्लॅट: सही करण्यापूर्वी बँकेच्या परवानगीबद्दल विनंती

रविवार, 18 मे 2025

आदरणीय आपटे काका,
सप्रेम नमस्कार.

काल एजंटांनी लिव्ह अँड लायसन्स कराराचा मसुदा पाठवला. मी आणि वैशालीने रात्री बसून तो पूर्ण वाचला. महिना 24,000 भाडं, 1 लाख डिपॉझिट, 1 जूनपासून 24 महिने आणि पहिल्या सहा महिन्यांचा लॉक-इन, हे सगळं आपलं बोलणं झाल्याप्रमाणेच आहे. घर आम्हा सर्वांना मनापासून आवडलं आहे. आबांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं असल्यामुळे लिफ्ट आणि खालची बाग या दोन गोष्टी आमच्यासाठी फार मोलाच्या आहेत.

एका गोष्टीबद्दल मात्र सही करण्यापूर्वी तुमच्याशी मोकळेपणाने बोलावंसं वाटलं. फोनवर नीट मांडता येणार नाही, म्हणून लिहितो आहे.

फ्लॅट दाखवताना तुम्ही सांगितलं होतंत की यावर अजून गृहकर्ज चालू आहे आणि भाड्यातून हप्त्याला हातभार लागेल. तुम्ही हे आपणहून सांगितलंत, याचं आम्हाला बरं वाटलं. पण मसुद्याच्या कलम 9 मध्ये असं छापलं आहे की "सदर सदनिका सर्व प्रकारच्या बोजांपासून मुक्त असून ती लायसन्सने देण्यास कोणत्याही संस्थेच्या परवानगीची आवश्यकता नाही." एजंटांच्या ठरीव नमुन्यात हे वाक्य आधीपासून असणार, तुम्ही ते घातलेलं नाही याची मला खात्री आहे. तरीही घर बँकेकडे तारण असताना या वाक्याखाली तुमची सही होणं तुमच्याच दृष्टीने बरं नाही, असं मला वाटतं.

कर्ज चालू असलेलं घर भाड्याने देताच येत नाही, असं अजिबात नाही. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 65-अ प्रमाणे घर स्वतःच्या ताब्यात असलेल्या कर्जदाराला ते काही मर्यादेत भाडेपट्ट्याने देता येतं, पण गहाणाच्या करारात वेगळं काही ठरलेलं नसेल तरच. आणि गृहकर्जाच्या करारात बहुतेक वेळा वेगळं ठरलेलंच असतं: बँकेच्या लेखी संमतीशिवाय घर भाड्याने, लिव्ह अँड लायसन्सवर किंवा इतर कोणाच्या ताब्यात देऊ नये, अशी अट. तुमच्या करारात ती आहे का, आणि असल्यास कोणत्या शब्दांत, एवढंच आधी पाहावं लागेल. कर्ज घेताना ही कागदपत्रं कोणीच ओळ न् ओळ वाचत नाही, त्यामुळे ती लगेच आठवणार नाही हे मी समजू शकतो. मंजुरीपत्राच्या अटींमध्ये किंवा मूळ कर्जकरारात ती सापडेल.

आमची काळजी कुठे आहे तेही सांगतो. अट असेल आणि संमती नसेल, तर बँकेच्या नजरेत आमचं तिथलं राहणं परवानगीशिवायचं ठरू शकतं. एरवी त्याने काही बिघडणार नाही. पण पुढे कधी कर्जाबाबत अडचण आली, तर 2002 च्या सरफेसी कायद्याखाली बँक घराचा ताबा मागू शकते आणि अशा वेळी लेखी संमती नसलेल्या भाडेकरूची बाजू फार लंगडी पडते. त्या कायद्याप्रमाणे थकलेलं कर्ज फेडा असं सांगणारी बँकेची कलम 13(2) ची नोटीस आल्यानंतर तर तिच्या लेखी संमतीशिवाय तारण घर भाड्याने देता येत नाही. तुमचे हप्ते वेळेवर जातात हे तुम्ही सांगितलं आहे आणि त्यावर माझा पूर्ण विश्वास आहे. पण मुलीची पहिली सुरू होते आहे, आबांना पुन्हा पुन्हा घर बदलणं झेपणार नाही, म्हणून कागद आधीच पक्का असावा असं वाटतं.

संमती मागायची झाल्यास तुमचा वेळ वाचावा म्हणून शाखेला द्यायच्या अर्जाचा मजकूर खाली लिहून ठेवला आहे. तुम्हाला योग्य वाटेल तसा बदलून घ्या.

"माननीय शाखा व्यवस्थापक, माझ्या व माझ्या मुलाच्या नावे आपल्या शाखेत गृहकर्ज खाते असून बावधन, पुणे येथील सदनिका क्र. सी-604 आपल्याकडे तारण आहे. सदर सदनिका 1 जून 2025 पासून 24 महिन्यांसाठी नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स कराराने एका कुटुंबास राहण्यासाठी देण्याचा आमचा विचार आहे. कर्जकरारानुसार त्यासाठी आपली संमती आवश्यक असल्यास ती लेखी द्यावी, आणि आवश्यक नसल्यास तसे लेखी कळवावे, ही विनंती. कराराचा मसुदा सोबत जोडला आहे."

शाखेत कोणी "द्या हो, काही होत नाही" असं तोंडी सांगितलं, तरी कृपया तेवढ्यावर थांबू नका. बँकेच्या अधिकृत ईमेलवरून दोन ओळी आल्या तरी आम्हाला चालेल. कर्जकराराची प्रत मला नको. त्यात तुमचे खासगी आकडे असतील. फक्त बँकेचं उत्तर आणि भाड्याने देण्याबाबतच्या अटीचा तेवढा भाग दाखवलात तर पुरे.

यातच आणखी एक मुद्दा निघतो. फ्लॅट तुमच्या आणि निखिलच्या दोघांच्या नावावर आहे, कर्जातही तो सहकर्जदार आहे, पण मसुद्यात लायसेन्सर म्हणून तुमचं एकट्याचंच नाव आहे. तो टोरांटोला असल्यामुळे त्याने तुम्हाला कुलमुखत्यारपत्र दिलेलं आहे का? असल्यास त्याचा उल्लेख करारात यायला हवा. बँकही अर्जावर त्याची संमती मागेल अशी शक्यता आहे, तेव्हा त्याच्या कानावर हे आत्ताच घालून ठेवलंत तर नंतर खोळंबा होणार नाही.

उत्तर आल्यावर कलम 9 मध्ये खरी परिस्थिती लिहू या: घर बँकेकडे तारण आहे आणि बँकेची संमती अमुक तारखेच्या पत्राने मिळाली आहे. त्याखाली एक वाक्य वाढवावं अशी विनंती आहे. बँकेकडून ताब्याविषयी किंवा थकबाकीविषयी काही नोटीस आली तर तुम्ही सात दिवसांत आम्हाला कळवाल, आणि त्यामुळे घर सोडावं लागलं तर लॉक-इन लागू न होता डिपॉझिट परत मिळेल. याची वेळ कधीच येणार नाही, पण लिहिलेलं असलं की दोघांनाही निवांतपणा.

शनिवारी 24 तारखेला अंगठे आणि फोटोसाठी एजंटांचा माणूस येणार आहे. तो महिन्याचा चौथा शनिवार, म्हणजे बँक बंद. तेव्हा या आठवड्यातच शाखेत चौकशी झाली तर उत्तम. उत्तराला वेळ लागत असेल तर नोंदणी पुढे ढकलू, घाई करू नका. आमच्या सध्याच्या घरमालकांनी 15 जूनपर्यंत राहायला परवानगी दिली आहे. टोकनचे 10,000 तुमच्याकडेच राहू द्या, उरलेले 90,000 मी सहीच्या दिवशी लगेच वर्ग करतो. उशिरामुळे जूनचे काही दिवस घर रिकामं राहिलं, तर त्या दिवसांचं निम्मं भाडं द्यायची माझी तयारी आहे, कारण चौकशी मी करायला लावतो आहे.

शाखेत जाताना सोबत हवी असेल तर बुधवारी माझी सुट्टी आहे, मी गाडी घेऊन येतो. आणि बँकेने संमती नाकारली तर तेही स्पष्ट सांगा. आपल्या संबंधात त्याने काही फरक पडणार नाही.

काकूंना नमस्कार सांगा.

आपला,
समीर पाटणकर