लोणार विवरावरचा ऐकायचा भाग: गुरुवारच्या गटासाठी प्रश्न

भाग सव्वादोन तासांचा आहे. सगळा जमला नाही, तर निदान विवराच्या वयाबद्दलचा मधला अर्धा तास ऐकून या.

१. विवर बेसाल्टात आहे, आणि बेसाल्ट ज्वालामुखीचाच. मग ते उल्कापाताने झालं हे कशावरून? (मास्केलिनाइट, म्हणजे धक्क्याने काचरूप झालेलं फेल्डस्पार, इथे गाडी हमखास अडते.)

२. तापदीप्तीने, म्हणजे खनिज तापवल्यावर निघणाऱ्या प्रकाशावरून, विवराचं वय सुमारे ५२,००० वर्षं येतं; आर्गॉन पद्धतीने, म्हणजे खडकात साठलेल्या आर्गॉन वायूवरून, सुमारे ५,७०,०००. वय मोजणारं यातलं प्रत्येक घड्याळ शून्यावर कधी येतं? खडकातला जुना आर्गॉन पूर्ण निसटला नसेल, तर वय जास्त दिसेल की कमी? कागदावर मांडून बघा.

३. जून २०२० मध्ये विवरातल्या सरोवराचं पाणी गुलाबी झालं. नमुना स्थिर ठेवल्यावर गुलाबी गाळ तळाशी बसला, पाणी नितळ झालं. रंग पाण्यात विरघळलेला होता का?