‘आजारी घड्याळ’: फुग्यांचा मराठी मजकूर आणि शाब्दिक कोट्यांवरची टिपणं

(संपादक आणि फुग्यांत अक्षरं भरणाऱ्यांसाठी. इंग्रजी चित्रकथेचं एक पान, सहा चौकटी. चित्रं बदलता येणार नाहीत, हे धरूनच सगळं केलं आहे.)

पात्रं: डॉक्टर, त्यांचा कुत्रा आणि मिशीवालं भिंतीवरचं घड्याळ. इंग्रजीत घड्याळाचं नाव मिस्टर टॉक. मराठीत त्याला ‘ठोके’ केलं. घड्याळाचे ठोके, काळजाचे ठोके, शिवाय आडनावही शोभतं. मिशी आहे म्हणून तो पुल्लिंगी बोलेल: ‘मी देतो’.

चौकट १
डॉक्टर: या ठोके, काय होतंय?
ठोके: जगात चार वाजलेत डॉक्टर, माझे मात्र बारा वाजलेत!

मुळात तो ‘आय ॲम ऑल वाउंड अप’ म्हणतो, म्हणजे चावी भरलेली आणि जीव ताणलेला. ‘माझी चावी घट्ट झाली’ असं लिहिलं तर कुणी हसणार नाही. ‘बारा वाजणे’ आपल्याकडे तयारच आहे. अडचण एकच होती: चित्रात काटे चारवर आहेत. नुसतं ‘माझे बारा वाजले’ लिहिलं असतं तर वाचक तबकडी पाहून चूक काढेल. चारचा उल्लेख केल्यावर तीच तबकडी विनोदाच्या बाजूने उभी राहते.

चौकट २
डॉक्टर: घाबरू नका. थोडा वेळ द्या.
ठोके: जन्मभर दुसरं काय देतोय?

इथे ‘गिव्ह इट टाइम’ सरळ उतरलं. हात लावू नये.

चौकट ३
डॉक्टर: हं... टिकटिक ऐकू येतेय.
ठोके: म्हणजे टिकेन ना मी?
कुत्रा: आवाज त्याचा, खाज मला!

सगळ्यात जास्त वेळ या चौकटीने घेतला. ‘आय हिअर अ टिक’ म्हणताच कुत्रा घाबरून कान खाजवू लागतो, कारण इंग्रजीत टिक म्हणजे घड्याळाचा आवाज आणि गोचीडही. मराठीत या दोन गोष्टी एका शब्दात सापडत नाहीत. ‘गोचीड’ घालून तळटीप देणं मला मान्य नाही. समजावून सांगितलेल्या कोटीवर मूल हसत नाही. म्हणून कोटी कुत्र्याकडून काढून घड्याळाला दिली: टिकटिक आणि टिकणे. पण खाजवणारा कुत्रा चित्रात राहतोच, त्याच्या खाजवण्याला कारण हवं. त्यासाठी तिसरा फुगा, जो मुळात नुसता ‘नॉट मी!’ आहे. ‘ठोके, तुमचे ठोके...’ ही कोटीही इथे बसत होती, पण एका चौकटीत दोन कोट्या एकमेकींना मारतात. ती सोडली.

हरवलेला विनोद जवळच्या दुसऱ्या जागी भरून काढणं हा गैरप्रकार नाही. अ‍ॅस्टेरिक्स या फ्रेंच चित्रकथेच्या इंग्रजी अनुवादात अँथिया बेल आणि डेरेक हॉक्रिज यांनी ‘इदेफिक्स’ या कुत्र्याचं ‘डॉगमॅटिक्स’ केलं. फ्रेंच ‘इदे फिक्स’ म्हणजे डोक्यात घट्ट बसलेली कल्पना. त्या हट्टी कल्पनेचा अर्थ राहिला आणि नावात ‘डॉग’, म्हणजे कुत्राही शिरला.

चौकट ४
डॉक्टर: अहो, अंगावर काटा आलाय तुमच्या!
ठोके: एक कुठे, तीन आहेत!

मूळ ‘युअर हँड्स आर शेकिंग’. इंग्रजीत घड्याळाला हात असतात, आपल्याकडे काटे. ही चौकट मराठीत मुळापेक्षा सरस झाली असं मला वाटतं. रंग भरताना तिसरा, बारीक सेकंदकाटा पुसट होऊ देऊ नका. उत्तर त्याच्यावरच उभं आहे.

चौकट ५
ठोके: मला सेकंड ओपिनियन हवंय.
सेकंदकाटा: बोला, विचारा!

मराठी माणूस डॉक्टरकडे हेच शब्द बोलतो, त्यामुळे ‘दुसरं मत’ करू नये. मुद्रितशोधनात ‘सेकंड’चं ‘सेकंद’ही करू नये. पहिल्या फुग्यात ड, बोलणाऱ्याच्या नावात द. डोळा तेवढं अंतर सहज ओलांडतो.

चौकट ६
डॉक्टर: काही नाही हो, चावी संपली होती!
ठोके: काळ आला होता, पण वेळ आली नव्हती!
आवाज: टण्ण!

मूळ शेवट ‘जस्ट इन टाइम!’ एवढाच आहे. ‘वेळेवर!’ लिहून जागा वाचली असती, पण म्हण जशीच्या तशी ठेवली की घड्याळाच्या तोंडी ती आपोआप नवी होते. तिच्यात बदल करून आणखी गंमत आणायचा मोह आवरावा.

तीन शब्दांच्या फुग्यात सात शब्द मावायचे आहेत. अक्षरं बारीक करू नका, वेलांट्या आणि मात्रा एकमेकांत अडकतील. उजवीकडे भिंत मोकळी आहे, फुगा तिकडे वाढवा. ओळ ‘होता,’ नंतरच तोडा. इंग्रजीत सगळी अक्षरं मोठ्या लिपीत आहेत, ती सोय आपल्याला नाही. म्हणून ‘वेळ’ हा एकच शब्द ठळक करा.