नवीन माल: मलमल, मांजरपाट, कॅम्ब्रिक, लिनन आणि खण (मीटरवर)

नमस्कार मंडळी, नवीन माल आलाय. पाचही कापडं तागे उलगडून स्वतः मोजलीयत आणि धुऊनही बघितलीयत, त्यामुळे खालचे आकडे आमचे आहेत, मिलच्या लेबलवरून उतरवलेले नाहीत.

आटण्याचा टक्का कसा काढला ते आधी सांगते. कापडावर 50 सेंटीमीटरचा चौकोन आखला, साध्या पाण्यात तीनदा धुतलं, सावलीत वाळवलं, इस्त्री फिरवली आणि परत मोजलं. गरम पाणी किंवा ड्रायर वापरणार असाल तर यापेक्षा जास्त आटेल हे धरूनच चला. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन, 10 बाय 10 सेंटीमीटरचा तुकडा बारीक काट्यावर ठेवायचा आणि येईल त्या आकड्याला 100 ने गुणायचं, घरीही तपासता येतं. आणि आपला मीटर पूर्ण 100 सेंटीमीटरचा, वार नाही. टेलरकाकांनी "तीन वार आणा" सांगितलं असेल तर आमच्याकडे पावणेतीन मीटर मागवा, उगाच जास्तीचे पैसे घालू नका.

पांढरी मलमल, 100 टक्के सुती, ₹95 मीटर
पन्हा 44 इंच काठासकट, वापरायला 43 धरा कारण दोन्ही काठांना फिनिशिंगच्या मशीनच्या सुयांची बारीक भोकं आहेत, ती शिवणीत जाऊ द्या. वजन 55 जीएसएम. आटते लांबीत 6 टक्के, पन्ह्यात 4 टक्के. कमीत कमी 1 मीटर, पुढे 10 सेंटीमीटरच्या पटीत कितीही.

खूप पातळ आहे हं, खाली तळहात धरला तर हातावरच्या रेषा दिसतात, म्हणून बाळाची झबली, दुपटी, गोधडीचे आतले थर, ओढणी यासाठी एकदम छान पण कुर्ता शिवायचा तर अस्तर लागणारच. आणि अस्तर लावणार असाल तर दोन्ही कापडं आधी पाण्यातून काढा प्लीज, नाहीतर पहिल्या धुण्यात एक जास्त आटतं, दुसरं कमी आणि घेराला सगळीकडे झोल येतो, मग टेलर म्हणतो कापड खराब, कापड खराब नसतं. हिशोब सोपा आहे, धुतल्यानंतर हातात अडीच मीटर हवी असेल तर 2.70 मागवा. कापताना आम्ही आडवा धागा ओढून त्या रेघेवर कापतो, कात्री नुसती चालवली की मलमल तिरकी जाते आणि तुमचे दोनतीन सेंटीमीटर तिथेच संपतात.

कोरं मांजरपाट, ₹82 मीटर
हे इचलकरंजीच्या पॉवरलूमचं, ब्लीच न केलेलं, रंग फिका पिवळसर आणि मधेमधे कपाशीच्या बोंडाचे काळपट ठिपके दिसतात, तो डाग नाही, कोऱ्या सुताचं ते तसंच असतं. पन्हा 48 इंच. वजन 125 जीएसएम. आटतं लांबीत 8 टक्के, पन्ह्यात 3 टक्के. या पाचांत सगळ्यात जास्त आटणारं हेच. लूमवर उभे धागे ताणलेले असतात आणि त्यांना खळही असते, पाण्यात पडलं की खळ निघते, ताण सुटतो आणि कापड लांबीत गोळा होतं. धुतल्यावर परत वजन केलं तर आकडा जवळपास तोच आला, कारण खळ गेली तेवढं वजन घटलं पण आटून वीण घट्ट झाली. हाताला मात्र फरक लगेच कळतो, आधी कागदासारखं कडक, नंतर मऊ.

कमीत कमी 3 मीटर. का, तर हे बहुतेक जण गोधडीची मागची बाजू, पिशव्या, ब्लाउजचा ट्रायल पीस यासाठी घेतात, आणि या भावात एकेक मीटर कापून पाठवलं तर कुरिअर कापडापेक्षा महाग पडतं. रात्रभर साध्या पाण्यात भिजवून मगच कापायला घ्या. ब्लॉक प्रिंट करणाऱ्यांनी तर खळ नीट काढाच, रंग आत जात नाही.

कॅम्ब्रिक, प्लेन, 11 रंग, ₹140 मीटर
पन्हा 44 इंच, 100 जीएसएम, लांबीत 3 टक्के, पन्ह्यात 2 टक्के. कमीत कमी 50 सेंटीमीटर, पुढे 25 च्या पटीत. कुर्ता, फ्रॉक, अस्तर सगळ्याला चालतं. मरून आणि गडद निळ्याचा पहिल्या दोन धुण्यांत थोडा रंग जातो, वेगळं धुवा. बाकी नऊ रंगांचं पाणी स्वच्छ आलं.

लिनन, 100 टक्के, ₹640 मीटर
पन्हा 58 इंच, 150 जीएसएम, लांबीत 5 टक्के, पन्ह्यात 3 टक्के. कमीत कमी 1.5 मीटर. मोठा पन्हा असल्यामुळे पूर्ण बाह्यांचा शर्ट मध्यम मापाला 1.75 मीटरमध्ये आटणं धरूनही बसतो, 44 इंची कापडाला अडीच मीटरच्या आसपास लागतं, तेव्हा भाव बघताना पन्हाही बघा, नुसता मीटरचा भाव लावून कापड महाग-स्वस्त ठरत नाही. सुरकुत्या पडणार, लिननचा तो स्वभावच आहे, ज्यांना चालत नाही त्यांनी कॅम्ब्रिक घ्या.

खण, बारीक बुट्टी, ₹165 मीटर
हा पॉवरलूमचा आहे, कॉटन-पॉलिस्टर मिक्स, हातमागाचा गुळेदगुड्डचा नाही, म्हणूनच हा भाव आहे. पन्हा 31 इंच, पण दोन्ही बाजूंना 2-2 इंचाचा काठ आहे म्हणजे बुट्टीचं अंग फक्त 27 इंच. हे नीट वाचा, 44 इंचाच्या हिशोबाने मागवलं की बाह्यांना कापड उरत नाही. कोपरापर्यंत बाह्यांच्या ब्लाउजला सव्वा मीटर घ्या, लहान बाह्यांना 1 मीटर होतं. परकराला दोन-तीन पन्हे जोडावे लागतात, टेलरला आधी दाखवून मापं विचारा आणि मगच सांगा. वजन 110 जीएसएम, लांबीत 2 टक्के, पन्ह्यात 1 टक्का. कमीत कमी 1 मीटर, पुढे 25 सेंटीमीटरच्या पटीत. उलट्या बाजूला मोकळे धागे आहेत, नाजूक अंगाला टोचतात, लहान मुलीच्या पोलक्याला आतून मलमल लावाच.

ऑर्डरचं: कापडाचं नाव, रंग आणि मीटर इनबॉक्समध्ये टाका. तुम्ही मागितलेलं सलग एका तुकड्यातच येईल, जोड नाही. कापलेलं कापड परत घेत नाही, पण वर लिहिलेल्यापेक्षा 2 टक्क्यांहून जास्त आटलं तर शिवण्याआधी टेप लावून फोटो पाठवा, पूर्ण पैसे परत. त्यासाठी कापड आल्या आल्या लांबी आणि पन्हा मोजून ठेवा. एकाच कपड्याला लागणारं सगळं एकदाच मागवा, दुसऱ्या ताग्याचा रंग थोडा तरी वेगळा निघतो. ताग्याच्या शेवटी कमीत कमी मापाहून छोटा तुकडा उरला तर तो कट पीसमध्ये अर्ध्या भावात जातो, हवा असेल तर विचारा. पार्सल कोल्हापुरातून सोमवार आणि गुरुवारी निघतं.

शिल्लक: कॅम्ब्रिकचा मोरपंखी 14 मीटर, खणाचा जांभळा 9 मीटर, लिननचा बदामी 22 मीटर, मलमल आणि मांजरपाट भरपूर.