खोल्यांची प्रतिबंधात्मक देखभाल : एसी, नळजोडणी आणि गीझर यांचे वेळापत्रक व नोंदवही

(अलिबाग येथील १८ खोल्यांचे हॉटेल, १ एप्रिल २०२६ पासून लागू. प्रत : देखभाल विभाग, हाउसकीपिंग, फ्रंट ऑफिस)

गेल्या मे महिन्यात, शनिवारी रात्री, ३०२ क्रमांकाच्या खोलीत एसीच्या इनडोअर युनिटमधून पलंगावर पाणी टपकले. त्या वेळी दुसरी खोली रिकामी नसल्याने पाहुण्यांना रात्रभर एसी बंद ठेवून राहावे लागले. कारण तपासले असता केवळ ड्रेन पाइपमध्ये बुळबुळीत गाळ साचल्याचे आढळले, आणि तो काढायला दहा मिनिटे लागली. ती दहा मिनिटे आधीच्या मंगळवारी खर्च झाली असती तर तक्रारच आली नसती, म्हणून हे वेळापत्रक आखले आहे.

१. कामाचे दिवस

आपल्याकडे गर्दी शुक्रवार ते रविवार असते, त्यामुळे सविस्तर तपासणी मंगळवारी होईल. दर मंगळवारी दोन खोल्या सकाळी ११ ते सायंकाळी ५ या वेळेत फ्रंट ऑफिसने ‘देखभालीसाठी बंद’ दाखवाव्यात. या गतीने १०१ ते १०६, २०१ ते २०६ आणि ३०१ ते ३०६ या सर्व खोल्या नऊ आठवड्यांत पूर्ण होतात आणि तिमाहीतील उरलेले आठवडे हुकलेल्या खोल्यांसाठी राहतात. दिवाळीची सुट्टी आणि नाताळ ते ३१ डिसेंबर या काळात खोल्या बंद ठेवू नयेत, मात्र त्या खोल्यांची तपासणी पुढच्या दोन मंगळवारांत भरून काढावी. गीझर उतरवून करायची कामे, टाइल फोडून करायची दुरुस्ती आणि रंगकाम जून ते सप्टेंबरसाठी राखून ठेवावे.

कोणतेही काम सुरू करण्यापूर्वी त्या खोलीचा एमसीबी बंद करून त्यावर ‘काम चालू आहे’ अशी पाटी लावावी आणि टेस्टरने वीज नसल्याची खात्री करावी. आउटडोअर युनिटमधील कपॅसिटरमध्ये वीज बंद केल्यावरही भार शिल्लक राहू शकतो, म्हणून त्या पेटीचे झाकण आपल्या कर्मचाऱ्यांनी उघडू नये.

२. एसी

दर पंधरा दिवसांनी फिल्टर काढून साध्या पाण्याने धुवावेत आणि सावलीत पूर्ण वाळल्यावरच बसवावेत. हे काम हाउसकीपिंगचे असून दर आठवड्याला नऊ खोल्या, असे दोन गट ठरले आहेत. ओले फिल्टर बसवल्यास खोलीत कुबट वास येतो आणि पाहुणे त्यासाठी चादरींना दोष देतात.

समुद्राकडच्या खोल्यांच्या (२०१ ते २०३ आणि ३०१ ते ३०३) आउटडोअर युनिटवर खारे वारे थेट येतात. मिठाचा थर कॉइलवर राहिला की ॲल्युमिनियमच्या फिन झिजू लागतात, म्हणून ही सहा युनिटे दर महिन्याला गोड्या पाण्याच्या मंद धारेने धुवावीत. बाकीच्यांना तिमाहीत एकदा धुणे पुरेसे आहे. बोअरचे पाणी उन्हाळ्यात खारट होते, त्यामुळे या कामाला ते वापरू नये. धारेचा दाब जास्त असेल तर फिन वाकतात आणि हवेची वाट बंद होते, याकडे विशेष लक्ष द्यावे.

तिमाही तपासणीत ड्रेन पाइपमध्ये वरून दोन लिटर पाणी ओतून ते बाहेर किती वेळात पडते हे पाहावे. त्यानंतर एसी २४ अंशांवर ठेवून पंधरा मिनिटांनी आत जाणारी आणि बाहेर येणारी हवा थर्मामीटरने मोजावी. दोहोंतील फरक साधारण ८ ते १२ अंश असावा. पावसाळ्यात हवेतील दमटपणामुळे हा फरक कमी येऊ शकतो, तेव्हा शेजारच्या खोलीशी तुलना केल्याशिवाय गॅस कमी असल्याचा निष्कर्ष काढू नये. आपल्या युनिटांमधील आर-३२ हा वायू ज्वालाग्राही असल्याने गॅसचे काम केवळ करारबद्ध सर्व्हिस एजन्सीनेच करावे. गॅस खरोखर कमी असेल तर कुठेतरी गळती आहे, हे गृहीत धरून आधी गळती शोधण्यास सांगावे. नुसता गॅस भरून घेऊ नये.

३. नळजोडणी

नळ, अँगल कॉक, हेल्थ फॉसेट आणि बेसिनखालचा बॉटल ट्रॅप हे सर्व हात फिरवून तपासावे, कारण बारीक गळती डोळ्यांपेक्षा बोटांना आधी कळते. फ्लशच्या टाकीत खाण्याचा रंग टाकून पंधरा मिनिटे थांबावे. फ्लश न करता भांड्यात रंग उतरला तर टाकीतील रबर सील बदलावा. शॉवरची जाळी क्षार साचल्यास लिंबूसत्वाच्या पाण्यात अर्धा तास बुडवून घासावी.

सलग सात दिवस रिकामी राहिलेली खोली हा वेगळा विषय आहे. अशा खोलीत नहाणी ट्रॅपमधील पाणी सुकून गटाराचा वास वर येतो, म्हणून त्यात बादलीभर पाणी ओतावे. तसेच कोमट, साचलेल्या पाण्यात लिजिओनेला जिवाणू वाढतात, त्यामुळे थंड आणि गरम दोन्ही नळ व शॉवर पाच मिनिटे वाहू द्यावेत; शॉवर सोडताना तुषार अंगावर घेऊ नयेत. पावसाळ्यात हे काम दर सोमवारी हाउसकीपिंगने करावे.

४. गीझर

थर्मोस्टॅट ६० अंशांवर असावा. वीज वाचवण्यासाठी तो ४५ वर आणू नये, कारण तेच तापमान जिवाणूंना मानवते. आपला १५ लिटरचा, २ किलोवॅटचा गीझर २७ अंशांचे पाणी ६० पर्यंत नेण्यास सुमारे १७ ते १८ मिनिटे घेतो. वेळ २५ मिनिटांवर गेल्यास प्रथम व्होल्टेज मोजावे, कारण २३० ऐवजी २०० व्होल्ट मिळाले तरी उष्णता सुमारे पाऊण पटीवर येते. व्होल्टेज योग्य असेल तरच एलिमेंट तपासावे. पाणी तापताना कडकड आवाज येणे ही क्षार साचल्याची खूण आहे.

सेफ्टी व्हॉल्व्हची दांडी तिमाहीत एकदा उचलून पाहावी. पाणी तापताना त्यातून काही थेंब पडणे स्वाभाविक आहे; गीझर बंद असतानाही धार लागत असेल तर व्हॉल्व्ह बदलावा. थेंब थांबवण्यासाठी त्याला बूच मारणे सक्त मना आहे. आरसीसीबीचे टेस्ट बटण दर महिन्याला दाबावे आणि ते पडले नाही तर ती खोली त्याच क्षणी विक्रीतून काढावी. मॅग्नेशियमचा ॲनोड रॉड खारट पाण्यात लवकर झिजतो, म्हणून मे आणि नोव्हेंबरमध्ये तो काढून पाहावा व निम्म्याहून कमी उरला असल्यास बदलावा.

५. नोंदवही

नोंदवही देखभाल कक्षात राहील. तीत ‘ठीक’ किंवा ‘ओके’ हे शब्द लिहू नयेत. मोजलेला आकडा किंवा डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट लिहावी. काम अपुरे राहिल्यास ते पूर्ण करण्याची तारीख त्याच ओळीत टाकावी. व्यवस्थापक दर गुरुवारी नोंदी वाचून सही करतील. मार्चमधील चाचणीच्या पुढील नोंदी नमुना म्हणून दिल्या आहेत.

| तारीख | खोली | आढळले | केले | पुढील काम |
|---|---|---|---|---|
| ३ मार्च २०२६ | १०१ | हवेतील फरक १० अंश. फ्लशमधून रंग उतरला | रबर सील बदलला, पुन्हा रंगचाचणी घेतली, रंग उतरला नाही | नाही |
| ३ मार्च २०२६ | १०२ | गीझरला २८ मिनिटे. व्होल्टेज १९८ | वायरमनला कळवले | ६ मार्चला वायरिंग पाहणे |
| १० मार्च २०२६ | २०१ | हवेतील फरक ६ अंश. आउटडोअर कॉइलवर मिठाचा थर | कॉइल धुतली, नंतर फरक ९ अंश | १० एप्रिलला पुन्हा धुणे |
| १० मार्च २०२६ | २०२ | ड्रेनचे पाणी चार मिनिटांत बाहेर. सेफ्टी व्हॉल्व्हची दांडी घट्ट | ड्रेन साफ केला, आता ३० सेकंद. गीझर बंद ठेवून खोली विक्रीतून काढली | १२ मार्चला व्हॉल्व्ह बदलणे |
| १२ मार्च २०२६ | २०२ | नवा व्हॉल्व्ह बसवला, दांडी सहज उचलली | पाणी १८ मिनिटांत ६० अंश, खोली परत दिली | नाही |