सेमिनार पेपर सादर करण्यासाठी मुदतवाढ मिळण्याबाबत विनंती

कराड, दि. १३ ऑक्टोबर २०२५

प्रति,
मा. विषयशिक्षिका,
संविधान सेमिनार, सत्र ९,
विधी महाविद्यालय, पुणे

विषय : आजारपणामुळे सेमिनार पेपरची मुदत १७ ऑक्टोबरऐवजी ३ नोव्हेंबरपर्यंत वाढवून मिळण्याबाबत

आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार.

मी मृणाल, बी.ए. एलएल.बी. पाचवे वर्ष, रोल नंबर ४७. आपल्या सेमिनारमध्ये ‘सामाजिक बहिष्कार आणि धार्मिक संप्रदायांचे अधिकार’ हा विषय मी घेतला आहे. पेपर येत्या शुक्रवारी, १७ तारखेला द्यायचा आहे. डेंग्यू झाल्यामुळे मला तो तोपर्यंत पूर्ण करता येणार नाही. ३ नोव्हेंबर, सोमवारपर्यंत मुदत द्यावी, अशी आपल्याला विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. डिस्चार्ज कार्ड, रक्ताचे रिपोर्ट आणि डॉक्टरांचे प्रमाणपत्र सोबत जोडले आहे.

दसऱ्याच्या आधीच्या शनिवारी मला हॉस्टेलवर थंडी वाजून ताप भरला. अंग ठणकत होते आणि डोळ्यांच्या मागे इतके दुखत होते की खोलीतला दिवासुद्धा नको वाटत होता. एनएस-१ चाचणी पॉझिटिव्ह आल्यावर बाबा येऊन मला कराडला घेऊन गेले आणि ३० सप्टेंबरला मला इथल्या दवाखान्यात दाखल केले. दोन दिवसांनी ताप उतरला तेव्हा घरातल्या सगळ्यांना वाटले की दुखणे सरले. पण डेंग्यूत खरी काळजी ताप उतरल्यावरच घ्यायची असते, हे डॉक्टरांनी आम्हाला तेव्हा समजावले. त्याच दिवसांत माझ्या प्लेटलेट्स ३८ हजारांवर आल्या. सकाळ-संध्याकाळ रक्त तपासत होते. सिस्टर आकडा सांगायला आल्या की आई आधी त्यांच्या चेहऱ्याकडे बघायची. कुठे रक्तस्राव झाला नाही, त्यामुळे प्लेटलेट्स चढवाव्या लागल्या नाहीत, सलाईनवरच भागले. ६ तारखेला घरी सोडले. परवाच्या रिपोर्टमध्ये आकडा १ लाख १२ हजारांवर आला आहे, म्हणजे आता धोका नाही.

अशक्तपणा मात्र अजून फार आहे. बोटांचे आणि मनगटांचे सांधे सकाळी आखडलेले असतात. थोडा वेळ बसून टाइप केले की पाठ टेकावीच लागते. वाचण्याची तर आणखी पंचाईत आहे. निकालपत्रातला एक लांबलचक परिच्छेद वाचायला घेतला की शेवटाकडे येईपर्यंत सुरुवातीचा मुद्दा हातून सुटलेला असतो आणि पुन्हा वरून वाचावे लागते. डॉक्टरांनी २० तारखेपर्यंत पूर्ण विश्रांती आणि त्यानंतर हळूहळू काम सुरू करायला सांगितले आहे. प्रमाणपत्रात तसे नमूद आहे.

मॅडम, पेपर कुठपर्यंत आला आहे हे आपल्याला नीट कळावे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

विषय निश्चित करताना आपण मला विचारले होते की बहिष्कृत करण्याचा अधिकार मान्य करणारा १९६२ चा निकाल आजही कायम असताना महाराष्ट्राचा २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा नेमका कशाच्या आधारावर उभा आहे? पूर्ण पेपर मी त्या एका प्रश्नाभोवती बांधला आहे. पहिले दोन भाग आजारी पडण्याआधी लिहून झाले आहेत. पहिल्या भागात १९४९ चा मुंबई बहिष्कृती प्रतिबंध कायदा आणि सरदार सय्यदना ताहेर सैफुद्दीन विरुद्ध मुंबई राज्य (एआयआर १९६२ एससी ८५३) हा निकाल घेतला आहे. दुसऱ्या भागात सरन्यायाधीश सिन्हा यांचे भिन्नमत आणि त्यानंतरचा न्यायालयीन प्रवास येतो. १९८६ ची दाऊदी बोहरा समाजाच्या सेंट्रल बोर्डाची याचिका, २००४ चा पाच न्यायमूर्तींचा निर्णय आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये हा प्रश्न नऊ न्यायमूर्तींच्या खंडपीठाकडे सोपवण्याचा आदेश, इथपर्यंत मजकूर तयार आहे. या दोन्ही भागांचा कच्चा खर्डा पत्रासोबत पाठवत आहे. त्यातल्या तळटीपा अजून एकसारख्या केलेल्या नाहीत.

राहिला आहे तो तिसरा भाग, आणि आपल्या प्रश्नाचे उत्तर त्यातच आहे. १९६२ च्या बहुमताने बहिष्कृत करण्याचा बोहरा धर्मगुरू दाईंचा अधिकार अनुच्छेद २६(ब) खाली संरक्षित मानला आणि त्यामुळे माणसाच्या नागरी हक्कांना बाधा आली तरी फरक पडत नाही, असे म्हटले. आपण वर्गात हा भाग शिकवला तेव्हा मला तो फार कठोर वाटला होता. पण मूळ निकाल शांतपणे वाचताना न्यायमूर्ती दासगुप्ता यांच्या मतात एक जागा सापडली, आणि मी तिच्याभोवती पेन्सिलीने चौकट केली आहे. धार्मिक कारणाशिवाय अन्य कारणासाठी, एखादी अनिष्ट सामाजिक रूढी मोडली म्हणून कोणाला बाहेर काढले जात असेल, तर तेवढ्यापुरती बंदी घालणारा कायदा अनुच्छेद २५(२)(ब) मधल्या समाजसुधारणेत बसू शकेल, अशी शक्यता बहुमतानेच तिथे मोकळी ठेवली आहे. १९४९ चा कायदा पडला तो धार्मिक कारणासाठीची बहिष्कृतीही त्याने सरसकट अवैध ठरवली म्हणून.

माझे म्हणणे असे की २०१६ चा महाराष्ट्राचा कायदा याच मोकळ्या जागेत उभा राहतो. जातीबाहेर लग्न केले, पंचांनी लावलेला दंड भरला नाही, पंचांचा निवाडा सोडून पोलिसांत किंवा कोर्टात दाद मागितली, एवढ्यावरून रायगड-रत्नागिरीकडच्या गावांत कुटुंबेच्या कुटुंबे वाळीत टाकली गेली आहेत. त्यांच्या घरच्या मयतीलाही कोणी जायचे नाही, दुकानातून माल द्यायचा नाही, लग्नकार्याला बोलवायचे नाही. यातले एकही कारण श्रद्धेशी किंवा उपासनेशी जोडलेले नाही. जातपंचायत म्हणजे अनुच्छेद २६ मधला धार्मिक संप्रदाय नव्हे, हे मला ठामपणे मांडायचे आहे. पण कायद्यातली ‘समुदाय’ची व्याख्या मात्र बरीच रुंद आहे. धर्म किंवा पंथ समान असलेले आणि जन्माने, धर्मांतराने किंवा धार्मिक विधीने जोडले गेलेले लोक तिच्यात येतात, त्यात जात आणि पोटजातही. त्यामुळे एखाद्या संप्रदायाने निव्वळ धार्मिक कारणासाठी सभासदाला काढले, तर हा कायदा १९४९ च्या कायद्यासारखाच अडचणीत येतो. न्यायालयाला व्याख्या आखडती घेऊन कायदा वाचवता येईल का, की नऊ न्यायमूर्तींचा निर्णय येईपर्यंत हा प्रश्न टांगलेलाच राहील, हे विश्लेषण अजून लिहायचे आहे.

त्याला लागून एक छोटा भाग शिक्षेवर आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद असली तरी पीडिताच्या संमतीने आणि न्यायालयाच्या परवानगीने तडजोडीची वाटही ठेवली आहे. ज्या गावाने वाळीत टाकले त्याच गावात राहायचे असलेल्या माणसाची संमती कितपत मोकळी असते, हा प्रश्न मला मनापासून महत्त्वाचा वाटतो. अंनिसने २०१३ पासून जातपंचायतींच्या मूठमातीची मोहीम चालवली. त्या काळातल्या वर्तमानपत्रांची कात्रणे मी लायब्ररीतून काढून ठेवली आहेत. ई-कोर्ट्सवरून जिल्हा न्यायालयांतले काही आदेशही उतरवून घेतले आहेत. हे सगळे वाचायचे बाकी आहे, आणि ते न वाचता तडजोडीबद्दल काही लिहिणे मला योग्य वाटत नाही.

आहे तेवढेच जोडून शुक्रवारी पेपर देण्याचा विचार मनात आला होता. पण मग तो १९६२ च्या निकालाचा सारांश झाला असता आणि आपण विचारलेला प्रश्न जिथल्या तिथे राहिला असता. हा पेपर मला चांगला लिहायचा आहे. पुढे एलएल.एम.ला याच विषयावर काम करण्याची इच्छा आहे, हे मी आपल्याला सांगितलेच आहे.

३ नोव्हेंबर ही तारीख ठरवताना दिवाळीची सुट्टी धरली आहे. २१ तारखेपासून डॉक्टर रोज थोडा थोडा वेळ बसायला परवानगी देतील, आणि सुट्टीत लेक्चर्स नसल्याने तो सगळा वेळ पेपरला देता येईल. लायब्ररीतली जी पाने लागतील त्यांचे फोटो माझी रूममेट कॉलेज बंद होण्याआधी पाठवणार आहे. लिहिण्याचे काम मात्र सर्वस्वी माझेच राहील. सेमिनारच्या सूचनापत्रकात वैद्यकीय कारणासाठी विषयशिक्षकांच्या लेखी परवानगीने मुदत वाढवता येते असे दिले आहे, त्यानुसारच हा अर्ज आहे. अंतर्गत गुण विद्यापीठाकडे १० नोव्हेंबरपर्यंत जायचे आहेत, हे सी.आर.कडून समजले. पेपर तपासायला आपल्याला त्यामुळे घाई होणार असेल तर मी १ नोव्हेंबरलाही देऊ शकेन. त्याच्या आधी शक्य होईल असे मात्र मला वाटत नाही.

सादरीकरणासाठी माझा क्रमांक सुट्टीनंतरच्या पहिल्याच आठवड्यात आहे. तो बदलू नये, ही विनंती. माझ्यामुळे दुसऱ्या कोणाला आयत्या वेळी पुढे यावे लागू नये आणि तोपर्यंत मी नक्की उभी राहू शकेन. उशिराबद्दल नियमाप्रमाणे काही गुण वजा होणार असतील तर माझी हरकत नाही. बुडालेल्या लेक्चर्सच्या हजेरीसाठी वेगळा अर्ज कार्यालयात पाठवला आहे, त्याचा या विनंतीशी संबंध जोडू नये.

जोडलेला खर्डा वेळ मिळाल्यास आपण चाळावा. विशेषतः पृष्ठ ११ वर भिन्नमतातला अनुच्छेद १७ चा मुद्दा मी ज्या तऱ्हेने मांडला आहे तो आपल्याला पटतो का, हे समजले तर तिसऱ्या भागाची दिशा ठरवायला फार मदत होईल. फोनवर बोलायचे असल्यास दुपारी चारनंतर कधीही करावा. सकाळी औषधांमुळे मला झोप लागलेली असते, तेव्हा आई फोन उचलेल.

आपला निर्णय दोन ओळींत मेलवर कळवलात तरी पुरे. परवानगीची प्रत मी कार्यालयात जमा करीन.

आपली विद्यार्थिनी,
मृणाल
बी.ए. एलएल.बी., पाचवे वर्ष, रोल नंबर ४७

सोबत : डिस्चार्ज कार्डाची प्रत, रक्त तपासणीचे रिपोर्ट, विश्रांतीबाबत डॉक्टरांचे प्रमाणपत्र, पेपरच्या भाग १ व २ चा कच्चा खर्डा