घड्याळावरची चिठ्ठी

सकाळी साडेसात वाजता रेवतीनं लॅपटॉप उघडला, पिन टाकला आणि तिचा हात तसाच थांबला. पडद्यावरची सगळी अक्षरं जपानी झाली होती. डेस्कटॉपवरच्या 'रीसायकल बिन'चं नावसुद्धा तिला वाचता येईना.

दहा वाजता असाइनमेंट पोर्टलवर चढवायची होती. आटपाडी तालुक्यातल्या विहिरी आणि पाणीपातळी. भूगोलाच्या एम.ए.ची ही असाइनमेंट पंचवीस मार्कांची होती. त्यासाठी दिवाळीच्या सुट्टीत आजोबांबरोबर तिनं सोळा विहिरींत दोर सोडून मोजमाप घेतलं होतं. रात्री एक वाजता शेवटचा परिच्छेद राहिला, तेव्हा फाइल सेव्ह केली आणि चार्जर लावून ती झोपली होती. रात्रीत काय झालं?

फाइल सापडली. पण 'विहीर' लिहायला गेली तर पडद्यावर ゔぃ उमटलं. मराठी टायपिंगवाल्यांची रोजची सवय म्हणून बोटं आपसूक Win + Space वर गेली आणि मराठी कीबोर्ड परत आला. तिनं परिच्छेद पुरा केला. आजोबांच्या विहिरीची पातळी दोनदा तपासली. आता फक्त पीडीएफ करायची होती.

तिथं मात्र ती अडली. पीडीएफ कुठं ठेवायची ते विचारणारी खिडकी उघडली. डावीकडे सगळे फोल्डर जपानीत, खाली दोन बटणं. मागच्या आठवड्यातला कच्चा मसुदाही याच नावानं पीडीएफ करून ठेवलेला होता. चुकून तोच चढला तर? पोर्टल एकदाच फाइल घेतं. तिनं खिडकी बंद केली.

हे मानसीचंच काम असणार. काल संध्याकाळी लॅपटॉप तिच्याकडे होता. रूममेट जपानी शिकत होती आणि आज मुंबईत तिची मुलाखत होती. रेवतीनं फोन लावला.

"मानसी, अगं लॅपटॉप पूर्ण जपानीत झालाय! दहाला सबमिशन आहे माझं!"

"काय? थांब, सेटिंगमध्ये जा, Win आणि I दाब, मग डावीकडे..."

फोन कटला. रेवतीनं वेळ पाहिली. आठ वीस. सव्वासातची डेक्कन क्वीन. लोणावळा गेलं, घाट सुरू झाला. आता बोगदे संपेपर्यंत रेंज यायची नाही.

तिनं Win + I दाबलं. डावीकडे नावांची रांग आली, एकही ओळखीचं नाही. डोळे भरून आले. राग तर इतका आला की मानसीच्या पलंगाकडे बघवेना. नजर भिंतीवर गेली.

भिंतीवर मानसीच्या चिठ्ठ्या होत्या. पाठांतरासाठी तिनं खोलीतल्या प्रत्येक वस्तूवर जपानी नाव चिकटवलं होतं. आरशावर, कपाटावर, खिडकीवर. घड्याळाखाली पिवळ्या कागदावर काळ्या स्केचपेननं लिहिलं होतं, 時計. खाली देवनागरीत 'तोकेई'. चार महिने रोज समोर असूनही रेवतीनं ती चिठ्ठी कधी नीट पाहिली नव्हती.

आत्ता पाहिली. पहिलं अक्षर डावीकडे चौकटीचं, उजवीकडे आडव्या रेघांचं. तेच अक्षर पडद्यावरच्या रांगेत एका ओळीच्या सुरुवातीला होतं: 時刻と言語. शेजारी घड्याळाचं चित्र. आणि शेवटचं अक्षर? तेही कुठंतरी पाहिलेलं. तिनं मानसीची वही ओढली. मुखपृष्ठावर 日本語, खाली 'निहोंगो'. शेवटचं अक्षर तेच, 語. वेळ आणि भाषा!

तिनं क्लिक केलं. आत गेल्यावर पुन्हा 語 असलेली ओळ शोधली. सगळ्यात वर एक यादी होती, ती उघडताच जपानीखाली इंग्रजी अक्षरांत English दिसलं. ते निवडल्यावर निळं बटण आलं. साइन आउट होणार हे कळत होतं. तिनं आधी Ctrl + S दाबलं, मग पुन्हा एकदा दाबलं आणि बटणावर क्लिक केलं.

काळा पडदा. निळा पडदा. आणि मग Recycle Bin.

नऊ चाळीसला पीडीएफ चढली. सोळा विहिरी, बावीस पानं. पोर्टलवर हिरवी खूण आली तेव्हा रेवतीला जाणवलं, सकाळपासून तिनं पाणीसुद्धा प्यायलं नव्हतं.

फोन वाजला. मानसी हुंदके देत होती. "कल्याण गेलं, कधीची लावतेय फोन. काल जपानी भाषा जोडताना 'हीच पडद्याची भाषा करा' ही खूण काढायची राहिली गं. रात्री अपडेट होऊन लॅपटॉप रीस्टार्ट झाला असेल, तेव्हा लागू झालं. तुझी असाइनमेंट..."

"गेली. वेळेत गेली. रडू नकोस, डोळे सुजतील, मुलाखत आहे ना?"

"कसं जमलं तुला?"

"तुझ्या घड्याळानं सांगितलं." रेवती उठून खिडकीशी गेली. तिथली चिठ्ठी वाऱ्यानं सुटून खाली पडली होती, अक्षरं दवानं पुसट झालेली. "मानसी, खिडकीला काय म्हणतात?"

"मादो. का गं?"

रेवतीनं पिवळा कागद घेतला आणि स्केचपेनचं टोपण काढलं.