कर्ज आणि पिग्मीच्या नव्या कामकाजासाठी कर्मचारी सहभाग आराखडा

सादर : मा. चेअरमन आणि संचालक मंडळ
तयार करणार : प्रशासन अधिकारी, मुख्य कार्यालय, बेळगाव
लागू : मुख्य कार्यालय, शहापूर, वडगाव, येळ्ळूर, खानापूर आणि निपाणी शाखा
कालावधी : मे ते डिसेंबर

काय बदलणार आहे

आज खानापूरच्या सभासदाने कर्जाचा अर्ज दिला की फाइल पिशवीतून बेळगावला येते, पाच टेबलांवरून फिरते आणि सह्या होऊन परत जाते. दिवाळीनंतर फाइल जागची हलणार नाही. शाखेत कागद स्कॅन होतील आणि पाचही टेबलांना एकाच वेळी दिसतील. पिग्मीची हातपावती आणि संध्याकाळचा स्क्रोलही बंद होईल. वसुली मोबाइलवर होईल आणि सभासदाला लगेच मेसेज जाईल. कुणाचीही नोकरी जाणार नाही, असा ठराव मंडळाने केला आहे. तो कर्मचाऱ्यांपर्यंत पोचलेला नाही.

आज कोण कुठे आहे

एप्रिलमध्ये मी सहाही ठिकाणी जाऊन ३८ पगारी कर्मचाऱ्यांशी एकेकटं बसून बोललो. १४ जणांना बदलाची धड कल्पना नाही. ११ जणांचा विरोध आहे, ८ जण तटस्थ आहेत आणि ५ जण मनापासून बाजूने आहेत. १९ पिग्मी एजंट यात धरलेले नाहीत. त्यांच्यातल्या बहुतेकांनी ही गोष्ट माझ्याच तोंडून पहिल्यांदा ऐकली.

या १४ जणांना माहिती नाही हा दोष आपला आहे. फेब्रुवारीचं परिपत्रक इंग्रजीत काढलं आणि नोटीस बोर्डावर लावलं. ज्यांनी ते वाचलं त्यांना त्यातला ‘मनुष्यबळाचा पुनर्वापर’ हा शब्द तेवढा लक्षात राहिला आणि त्याचा अर्थ त्यांनी कपात असा घेतला. अकरापैकी निदान सहा जणांचा विरोध या एका ओळीतून आलेला आहे.

| गट | आज | डिसेंबरअखेर अपेक्षा |
|---|---|---|
| ज्येष्ठ क्लार्क व खतावणी सांभाळणारे (९) | विरोध | पाठिंबा, दोघांचा पुढाकार |
| पिग्मी एजंट (१९) | अनभिज्ञ | पाठिंबा |
| शाखा मॅनेजर (५) | तटस्थ | पुढाकार |
| तरुण क्लार्क व रोखपाल | अनभिज्ञ, काही बाजूने | पाठिंबा |
| शिपाई व फाइल नेणारे (४) | अनभिज्ञ | निदान तटस्थ |

ज्येष्ठ क्लार्क

सगळ्यात जास्त वेळ या नऊ जणांना द्यायचा आहे. ‘त्यांना कॉम्प्युटर जमत नाही’ असं मुख्य कार्यालयात सर्रास म्हटलं जातं. मला ते पटत नाही. घरी नातवंडांशी ही माणसं व्हिडिओ कॉलवर बोलतात. त्यांचा आक्षेप वेगळा आहे आणि तो रास्त आहे.

आपल्या खतावणीत नावं मराठीत आहेत, जमिनीच्या उताऱ्यावर कन्नडमध्ये आणि आधारवर इंग्रजीत. ज्योतिबा, जोतिबा आणि जोतीबा हा एकच माणूस असतो. उलट येळ्ळूरमध्ये एकाच नावाचे चार पाटील चार गल्ल्यांत राहतात. त्यातला थकबाकीदार कोण आणि जामीनदार कोण, हे खतावणीतली समासातली खूण आणि क्लार्कची आठवण सांगते. भूमी योजनेत उतारे संगणकावर गेले, तेव्हा नावाच्या एका अक्षरासाठी तहसीलदार कचेरीत घातलेले हेलपाटे या लोकांनी स्वतःच्या घरात पाहिले आहेत. एक ज्येष्ठ सहकारी मला म्हणाले, “चुकीचं नाव मशीनमध्ये गेलं की मग मशीनच खरं, आणि सभासद खोटा.”

म्हणून या नऊ जणांना प्रशिक्षणाला नुसतं बसवायचं नाही. सभासदांच्या नावांची पडताळणी त्यांच्याकडे सोपवायची. जून ते ऑगस्ट रोज दीड तास, दोघांची जोडी : एक ज्येष्ठ, एक तरुण. ज्येष्ठाने सांगायचं, तरुणाने भरायचं. ज्येष्ठाची सही झाल्याशिवाय कुठलंही खातं नव्या पद्धतीत चढणार नाही. समासातल्या खुणांसाठी ‘शेरा’ हा मराठी रकाना स्क्रीनवर हवा, ही त्यांची मागणी आहे. सॉफ्टवेअर देणाऱ्यांनी तो देता येतो असं सांगितलं आहे. हा रकाना पहिल्या बैठकीच्या आधी तयार असला पाहिजे. आपण ऐकून घेतो याचा तोच पुरावा ठरेल.

पिग्मी एजंट

यांची भीती कमिशनची आहे. सभासदाला थेट मेसेज जाऊ लागला, की उद्या तो स्वतःच मोबाइलवरून पैसे भरेल आणि आपण कशाला उरू, असं त्यांना वाटतं. कमिशनचा दर ३ वर्षे बदलणार नाही आणि एजंटच्या खात्यातल्या सभासदाने ऑनलाइन भरलं तरी कमिशन एजंटलाच मिळेल, हे लेखी पत्र प्रत्येकाच्या हातात द्यायचं आहे. पत्र मिळाल्याशिवाय त्यांची बैठक घेऊ नये. तोंडी आश्वासनं त्यांनी पुष्कळ ऐकली आहेत.

दुसरी अडचण रेंजची. जांबोटी आणि कणकुंबीकडे पावसाळ्यात वीज आणि रेंज दोन्ही जातात. मोबाइलमध्ये वसुली साठून राहते आणि रेंज आल्यावर चढते, हे बेळगावच्या हॉलमध्ये दाखवून उपयोग नाही. जुलैच्या पावसात तिथल्याच एजंटसोबत दोन दिवस फिरून पाहू. जमलं तर तोच एजंट इतरांना सांगेल. नाही जमलं, तर त्या भागात हातपावती आणखी एक हंगाम चालू ठेवू.

इतर

शाखा मॅनेजरना माहिती आपल्या माणसांच्या आधी एक दिवस मिळाली पाहिजे. त्यांच्या समोरच कर्मचारी प्रश्न विचारतात, आणि ‘मलाही माहीत नाही’ हे उत्तर अफवेला पुरतं. शिपाई मंडळींपैकी दोघांना स्कॅनिंगचं काम आणि त्याचा भत्ता द्यावा. तरुण कर्मचाऱ्यांची चिंता कमी आहे, फक्त त्यांनी ज्येष्ठांसमोर घाई करू नये एवढं बघायचं.

कधी काय

मे : चेअरमनसाहेबांनी प्रत्येक शाखेत जाऊन स्वतः बोलायचं, मराठीत आणि कन्नडमध्ये. नोकरीच्या ठरावाची प्रत तिथेच वाटायची. जून ते ऑगस्ट : नावांची पडताळणी. खानापूर भागात भात लावणीच्या आठवड्यांत रजा अडवायच्या नाहीत. गणपतीच्या आधीचा आठवडा आणि गणपतीचे दिवस कुठलंही प्रशिक्षण नको. सप्टेंबर-ऑक्टोबर : वडगाव शाखेत वही आणि संगणक दोन्ही, सहा आठवडे. या दुहेरी कामाने माणसं सगळ्यात जास्त चिडतात, म्हणून त्या काळात जादा तासांचा भत्ता द्यावा लागेल. दिवाळीनंतर दुसऱ्या सोमवारपासून सगळीकडे सुरुवात.

पाठिंबा कसा ओळखायचा

बैठकीतला होकार मी धरणार नाही. कुणी न सांगता चूक कळवतो का, शेजारच्याला शिकवतो का, ड्रॉवरमध्ये स्वतःची वेगळी वही ठेवणं बंद करतो का, हे दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात शाखेत बसून पाहीन आणि वरचा तक्ता नव्याने भरेन. तक्त्यात कुणाचं नाव येणार नाही. विरोधी म्हणून एखाद्यावर शिक्का बसला, तर तो बाजूने येण्याची वाटच आपण बंद करू. डिसेंबरमध्येही दोन-तीन जण तटस्थच राहिले तर त्यांच्या मागे लागू नये. काम नीट होत असेल तर तेवढं पुरेसं आहे.

मंडळाकडून हवी असलेली मंजुरी

मेच्या पहिल्या सभेत चार गोष्टी मंजूर व्हाव्यात : कमिशनचं लेखी पत्र, जादा तासांचा आणि स्कॅनिंगचा भत्ता, मराठी-कन्नड माहितीपत्रक, आणि वडगावमध्ये नावांच्या चुका शंभरात दोनपेक्षा जास्त निघाल्या तर पुढची तारीख ढकलण्याचा अधिकार. हा शेवटचा अधिकार ज्येष्ठ क्लार्कच्या जोडीकडे असावा, माझ्याकडे नको.